संमती मिळाली, तरी कंटेनर अडकला: घातक कचरा परदेशी पाठवताना या चुका टाळा

पुण्याजवळच्या एका ई-कचरा रिसायकलरचं उदाहरण घेऊ. जुन्या संगणकांतले सर्किट बोर्ड त्याच्याकडे साठलेत. त्यातलं सोनं, चांदी, पॅलेडियम काढणारा स्मेल्टर बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेनला आहे. किलोचा दर ठरला, करार झाला, न्हावाशेवाहून जहाजात जागाही मिळाली. इथपर्यंत हा साधा निर्यातीचा व्यवहार वाटतो. पण सर्किट बोर्ड बासेल कराराखाली येतात. हा करार १९८९ साली झाला, १९९२ पासून लागू आहे. त्याच्या सहाव्या कलमाचा गाभा असा: ज्या देशात कचरा जाणार आणि ज्या देशांतून जाणार, त्यांना आधी लेखी कळवायचं, आणि त्यांचा लेखी होकार आल्याशिवाय माल हलवायचा नाही. यालाच पूर्वसूचित संमती म्हणतात, बोलताना सगळे पीआयसी म्हणतात.

पहिली चूक कोडची, म्हणजे कराराच्या याद्यांत त्या कचऱ्याला दिलेल्या क्रमांकाची. जुनी फाइल उघडायची, त्यातला A1180 उचलायचा आणि नव्या अर्जात चिकटवायचा, हे सर्रास चालतं. १ जानेवारी २०२५ पासून घातक ई-कचऱ्याची नोंद A1181 झाली. त्याहून मोठा बदल असा की बिनघातक ई-कचराही Y49 या नोंदीखाली संमतीच्या कक्षेत आला. पूर्वी ‘आमच्या बोर्डांत घातक काही नाही, B1110 लावा’ म्हणून सुटका करून घेता यायची. ती नोंदच यादीतून गेली. आता वाद फक्त A1181 की Y49 एवढाच उरतो आणि दोन्हीकडे संमती लागतेच. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. आपल्या यादीत एखादा कचरा घातक नसला, पण आयात करणाऱ्या किंवा वाटेतल्या देशाच्या कायद्यात तो घातक असला, तरी करार लागू होतो. म्हणून कोड ठरवताना समोरच्या देशाचा कायदाही बघावा लागतो. सर्वात सोपा मार्ग म्हणजे स्मेल्टरलाच विचारणं. तो असा माल कायम घेत असतो, त्याला तिथल्या कार्यालयाची सवय माहीत असते.

कार्यालय कोणतं, हाही प्रश्नच. बेल्जियममध्ये कचऱ्याचा कारभार केंद्राकडे नाही, प्रांतांकडे आहे. होबोकेन फ्लँडर्समध्ये येतं, तेव्हा होकार द्यायचा तो ओव्हाम या तिथल्या संस्थेने. कागद भलत्या दारात गेला तर कोणी नकार देत नाही, नुसती शांतता असते.

आणि त्या शांततेचा चुकीचा अर्थ लावणं ही दुसरी चूक. ‘साठ दिवस झाले, उत्तर नाही, म्हणजे मूक संमती’ हे वाक्य मी बैठकांमध्ये किती वेळा ऐकलं असेल! हा गैरसमज कुठून आला तेही समजण्यासारखं आहे. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेत सदस्यांच्या आपापसातल्या व्यवस्थेनुसार तीस दिवस हरकत आली नाही तर संमती धरली जाते. तिथल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी हेच असतं, आणि ते आपल्याकडच्यांनाही तेच सांगतात. भारत ओईसीडीचा सदस्य नाही. आपल्याला बासेलचा मूळ नियम लागू: आयात करणाऱ्या देशाचा होकार लेखीच हवा, कितीही दिवस गेले तरी. साठ दिवसांची सवलत आहे ती फक्त वाटेतल्या देशांच्या बाबतीत, आणि तीही त्या देशाने ‘आमची लेखी संमती नको’ असं आधी अधिकृतपणे जाहीर केलं असेल तरच. सूचनापत्राच्या छापील नमुन्यात पोच आणि संमती यांचे रकाने वेगळे आहेत, १९ आणि २०. एकोणिसाव्यातला शिक्का बघून कितीतरी जण पेढे वाटतात. तो ‘कागद मिळाला’ एवढंच सांगतो.

तिसरी चूक सर्वात महागात पडते, आणि ती बहुधा निर्यातदाराने केलेलीच नसते. आपल्या रिसायकलरने सूचनापत्रात वाटेतला देश म्हणून श्रीलंका लिहिलं, कारण शिपिंग लाइनने कोलंबोला ट्रान्सशिपमेंट, म्हणजे कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढवणं, सांगितलं होतं. भारताची परवानगी आली, बेल्जियमची आली, श्रीलंकेचीही आली. यात सहा-सात महिने गेले. तेवढ्यात लाइनने वेळापत्रक बदललं आणि कंटेनर जेबेल अलीला उतरवायचं ठरवलं. नेहमीच्या मालाला याने काही फरक पडत नाही. इथे मात्र संयुक्त अरब अमिरात हा नवा वाटेतला देश झाला आणि त्याला कुणी विचारलेलंच नाही. कराराच्या नवव्या कलमाप्रमाणे संबंधित देशाच्या संमतीशिवाय झालेली वाहतूक बेकायदा ठरते. कागदांचा गठ्ठा सोबत असूनही. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातला धोका टाळायला जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा जुन्या मार्गावर घेतलेल्या संमत्यांचं असंच झालं असणार.

उपाय दोन. सूचना भरण्याआधी लाइनकडून सगळी संभाव्य ट्रान्सशिपमेंट बंदरं लेखी घ्या आणि त्या प्रत्येक देशाला सुरुवातीलाच कळवा. एक-दोन देश जास्त झाले तरी चालतील. आणि बुकिंग करताना लाइनला स्पष्ट सांगा की हा बासेलचा माल आहे, बंदर बदलायचं तर आधी आम्हाला विचारा. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे लाइन मालासाठी देते त्या वाहतूक पावतीचा, मसुदा आला की पहिल्यांदा बंदरांची नावं संमतीपत्राशी ताडून बघा. किंमत, वजन वगैरे नंतर.

वजनाची मेख मात्र आहेच. नियमित पाठवणीसाठी एकच सूचना चालते, पण जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी आणि ठरलेल्या एकूण वजनापुरती. समजा शंभर टन, पाच खेपा. प्रत्येक खेप एकवीस टनांची गेली तर पाचव्या खेपेतले पाच टन संमतीबाहेर पडतात. वजनाचा हिशेब खेपेगणिक मांडून ठेवा.

आयातीच्या बाजूने बघितलं तर मालाला भलतं नाव देणं हा जुना रोग. न्हावाशेवाला अडकलेल्या १३३ कंटेनरांत लुब्रिकेटिंग ऑइल आहे असं कागद सांगत होते. तपासणीत निघालं ते घातक टाकाऊ तेल. शेवटी २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते जाळून नष्ट करायला लावलं, आयातदारांच्या खर्चाने. कचरा परत पाठवायचा तर आपल्या २०१६ च्या नियमांत मुदत आहे बंदरात आल्यापासून नव्वद दिवसांची, खर्च आयातदाराचा. दोष निर्यातदाराचा असेल तर करार त्याच्या देशाला तीस दिवस देतो. प्रत्यक्षात? कॅनडातून २०१३-१४ मध्ये फिलिपिन्सला प्लास्टिक भंगार म्हणून १०३ कंटेनर गेले. आत घरगुती कचरा निघाला, वापरलेल्या डायपरांसकट. घरगुती कचरा करारात Y46 म्हणून आहे, त्यालाही संमती लागते. कॅनडा मात्र बराच काळ म्हणत राहिला की हा दोन खासगी कंपन्यांमधला व्यवहार आहे. उरलेले ६९ कंटेनर परत निघाले ते ३१ मे २०१९ ला.

आपला रिसायकलर समजा सगळं सांभाळून माल होबोकेनला पोचवतो. तिथे फाइल बंद करणं ही शेवटची चूक. वाहतूक दस्तऐवजावर स्मेल्टरच्या दोन नोंदी हव्यात: माल मिळाल्याची, आणि पुढे यथावकाश प्रक्रिया पूर्ण झाल्याची. पहिली पटकन येते. दुसरीसाठी महिनोन्‌महिने ईमेल करावे लागतात, कारण धातू हाती आल्यावर स्मेल्टरला त्या कागदात रस उरत नाही. ती आली नाही तर आपलं पर्यावरण मंत्रालय बेल्जियमला विचारणा करू शकतं, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाबरोबर हाच प्रश्न परत येतो. म्हणून खरेदी करारातच लिहून घ्या की शेवटचा हप्ता या दुसऱ्या नोंदीच्या प्रमाणपत्राबरोबर चुकता होईल. किंवा निदान नव्या खेपेचं बुकिंग मागच्या खेपेचं प्रमाणपत्र आल्यावरच करा.