गणपतीच्या रोषणाईचे जोड पावसात कोरडे ठेवताना

भाद्रपदात गॅलरीत किंवा मांडवाबाहेर सोडलेल्या दिव्यांच्या माळेत पाणी बहुधा दिव्यांतून नव्हे, तर माळेचा प्लग आणि एक्स्टेन्शनचे सॉकेट जिथे जुळतात त्या जोडातून शिरते. म्हणून मेन स्विच बंद करून प्रथम तो जोड जमिनीवरून उचलावा आणि कठड्याला किंवा खांबाला, निदान फूटभर उंचीवर, सॉकेटचे तोंड आभाळाकडे येणार नाही अशा बेताने दोरीने बांधावा.

वरून येणारी वायर सरळ जोडात नेल्यास तिच्यावरून ओघळणारे पाणी थेट प्लगमध्ये उतरते. त्यामुळे वायर आधी जोडाच्या वीतभर खाली झोळीसारखी सैल सोडून मग खालून वर प्लगकडे न्यावी, म्हणजे थेंब सर्वांत खालच्या वळणावरून गळून पडतात. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या वायरींना असे वळण हवे.

आच्छादनासाठी प्लॅस्टिकचा डबा उपडा टांगावा आणि खालची बाजू उघडी ठेवावी. पिशवी गच्च गुंडाळून चिकटपट्टी लावण्याची आपली लाडकी पद्धत घातक आहे, कारण आत शिरलेला दमटपणा बाहेर पडत नाही. अ‍ॅडॅप्टर तापतो, म्हणून तो घरातच ठेवणे बरे.

पाऊस येताच ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडू लागला, तर तो पुन्हापुन्हा वर न करता वीज बंद ठेवून जोड तपासावा. पिनांवर हिरवट थर किंवा काळा डाग दिसल्यास तो प्लग बदलावा.