“काही खाल्लं नाही ना?” “हो.” मग खाल्लं की नाही?

इंदूरमधे आपल्या मराठी घरात सकाळी ब्लड सॅम्पल घ्यायला मुलगा येतो आणि घाईत हिंदीतच विचारतो, “आजी, कुछ खाया तो नहीं ना?” आजी म्हणतात “हो”, तो फास्टिंग लिहून मोकळा. पण त्या “हो”चा अर्थ “हो, नाही खाल्लं” असाही होतो आणि “हो, खाल्लं ना थोडं” असाही, आणि गंमत म्हणजे आजी “नाही” म्हणाल्या असत्या तरी बहुतेक तेच, “नाही खाल्लं”. म्हणजे असा प्रश्न विचारला की हो आणि नाही दोन्ही उत्तरं निकामी, म्हणून शेवटी क्रियापद ऐकू येईपर्यंत उत्तर मिळालंय असं धरूच नका.

१. प्रश्नातून आधी “नाही” काढा, आणि शेवटचा “ना” पण, कारण त्या “ना”मुळे समोरच्याला कळतं तुम्हाला काय ऐकायचंय आणि मोठी माणसं भिडेखातर मान हलवतात. सरळ विचारा, “आजी, रात्री जेवल्यापासून आत्तापर्यंत काय काय घेतलं, किती वाजता?” फास्टिंग शुगरला किमान ८ तास पोट रिकामं लागतं, साधं पाणी चालतं.

समजा उत्तर आलं, “नऊला जेवले, मग काही नाही, सहाला चहा घेतला फक्त.” बघा, चहा त्यांच्या हिशोबात खाण्यात येतच नाही! दूध-साखरेचा चहा झाला म्हणजे फास्टिंग मोडलं, सॅम्पल दुसऱ्या दिवशी घ्या. “खाल्लं नाही ना” वर त्यांचा “हो” अगदी खरा होता, तरी रिपोर्ट चुकला असता.

२. उलटा प्रश्न आधीच विचारून झाला असेल तर तोच परत जोरात विचारू नका, परत “हो”च येईल. दोन पर्याय द्या: “उपाशी आहात की काही घेतलंय?” इथे हो-नाहीने भागतच नाही, पूर्ण शब्द बोलावा लागतो. नुसतं “हं” आलं तर ते फक्त ऐकल्याचं, होकार नाही.

३. फॉर्म भरून देताना जास्त जपा. “मला रात्री झोप लागत नाही: सहमत / असहमत” यावर आजोबा म्हणाले “नाही”, तर तुम्ही कुठे टिक करणार? छापलेलं वाक्य मनाने सुलटं करू नका, अशा प्रश्नांचे मार्क कधीकधी उलटे मोजतात. वाक्य आहे तसंच वाचा, मग वेगळं विचारा, “परवा, काल, कशी झोप झाली?” ते म्हणाले “लागते की, फक्त तीनला जाग येते”, तर वाक्याशी ते पूर्ण सहमत नाहीत पण झोप चांगली आहे असंही नाही. आता दोन्ही पर्याय पूर्ण वाक्यात ऐकवा, “झोप लागत नाही हे बरोबर, की लागते पण मोडते?”, त्यांनी निवडलं की मगच टिक, आणि जागा असेल तर बाजूला त्यांचेच शब्द लिहा: तीनला जाग येते.