आधी पानं हलकी करा, मग जोडा

रेशनकार्डाची चार पानं एकाच पीडीएफमध्ये हवीत आणि मर्यादा २५६ केबीची? म्हणजे एका पानाच्या वाट्याला साधारण ६० केबी. आधी जोडून मग कॉम्प्रेस करत बसलात तर बारीक अक्षरं फुटतात. त्यापेक्षा स्कॅन करतानाच ३०० ऐवजी १५० डीपीआय आणि ग्रेस्केल निवडा. पिक्सेल थेट चौथ्या हिश्श्यावर येतात. कडेला दिसणारं टेबल आणि सावली कापून टाका, तीही उगाच केबी खाते. निव्वळ ब्लॅक अँड व्हाइट मात्र नको, पुरवठा कार्यालयाचा फिकट शिक्का त्यात गायब होतो. प्रत्येक जेपीजी ६० केबीच्या आत आली की जोडा. फाइल बेरजेपेक्षा बरीच मोठी निघाली, तर ॲपने चित्रं पुन्हा एन्कोड केलीत. दुसरं ॲप वापरा.