बाई लावताना पगाराचा आकडाच खर्च समजू नका, आम्ही दीड वर्ष तेच केलं

आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो, मी नोकरीला मिहानमध्ये, नवरा सिव्हिल लाइन्सला. सकाळी साडेआठला मी निघते, तो नऊला, आणि संध्याकाळी सव्वासातच्या आधी घरात कुणी नसतं. लग्नानंतर सहा महिने ओढलं कसंतरी, मग एकाच आठवड्यात दोन बाया लावल्या. एक भांडे आणि झाडू-पोछ्याला, अडीच हजार. दुसरी स्वयंपाकाला दोन्ही वेळ, पाच हजार. वहीत लिहिलं साडेसात हजार, आणि वाटलं बजेट झालं.

नाही झालं न बावा.

पहिली चूक हीच, महिन्याचा पगार गुणिले बारा करणं. दिवाळीला एक पगार बोनस बहुतेक घरी देतात आणि द्यावाच, म्हणजे वर्ष तेरा महिन्यांचं झालं, साडेसात हजार गुणिले तेरा, 97,500. मग सुट्ट्या. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी महिन्यात सरासरी तीन दिवस यायच्या नाहीत, कधी ताप, कधी पोरीची शाळा, मे महिन्यात गावाकडची लग्नं. त्या तीन दिवसांत आम्ही काय करायचो, तर मोबाईल उघडून जेवण मागवायचो, दोघांचं साडेतीनशे तरी. महिन्याचे 1,050, वर्षाचे 12,600. एकूण झाले 1,10,100, म्हणजे महिन्याला 9,175. यात वाढलेला गॅस-तेल धरलंच नाहीये. 14.2 किलोचं सिलिंडर आधी दोन महिने जायचं, आता दीड महिन्यात संपायला लागलं कारण कढईखाली फ्लेम कायम फुल. सांगितलं की दोन दिवस कमी ठेवायच्या, मग परत तेच. त्यांना तरी काय बोलणार, आमच्यानंतर त्यांना आणखी तीन घरं करायची असतात.

तर साडेसात म्हणून जे धरलं होतं ते सव्वानऊच्या घरात निघालं. आणि हे आम्हाला कळलं कधी, तर घराच्या हप्त्याचं ठरवताना बँकेचं स्टेटमेंट काढलं तेव्हा.

दुसरी चूक जास्त महागात पडली आणि ती पकडायला जास्त वेळ लागला. आमचा हिशोब असा होता की स्वयंपाकाला बाई आली की बाहेरचं मागवणं बंद, म्हणजे तिचा पगार त्यातूनच निघेल. बाई नव्हती तेव्हा बाहेरच्या जेवणावर महिन्याला साधारण 6,200 जायचे, यूपीआयच्या हिस्टरीत सगळं दिसतं. बाई आल्यावर तीन महिन्यांनी परत बघितलं तर 4,100. त्यातले हजार सुट्टीच्या दिवसांचे समजा, मग उरलेले तीन हजार कशाचे? घरी भाजी-पोळी तयार असताना आम्ही मागवत होतो!

कारण फ्रिजमध्ये सापडलं. रविवारी फ्रिज साफ करताना चार-पाच डबे निघायचे, गुरुवारची फ्लॉवर, शुक्रवारचं वांगं, सगळं फेकायचं. मावशी सहाला येऊन रात्रीचा स्वयंपाक करून जायच्या, किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. आम्ही सव्वासातला पोचायचो, जेवायला बसायला नऊ, तोवर पोळ्या कडक, आणि प्रत्येक भाजीला तोच कांदा-टमाटरचा मसाला, वरून मूठभर चिरलेला सांबार. मग कुणीतरी म्हणायचं, काही मागवायचं का? म्हणजे संध्याकाळच्या वेळेचे पैसे आम्ही देत होतो, ते जेवण खात नव्हतो. तुमच्याकडे हे होतंय का ते बघायचं असेल तर दोनच गोष्टी बघा, रविवारी किती डबे फेकले आणि बाई आलेल्या दिवशीसुद्धा किती वेळा जेवण मागवलं. दुसरा आकडा आठवड्याला दोनच्या वर गेला की बाईचा पगार जास्त नाहीये, वेळ चुकीची घेतलीये.

आम्ही मग संध्याकाळ बंद केली. मावशींशी नीट बसून बोललो, अचानक सांगितलं नाही, एक महिना आधी सांगितलं म्हणजे त्यांनाही ती वेळ दुसऱ्या घरी लावता आली. आता त्या सकाळी सातला येतात, दोन भाज्या करतात, एक डब्याची आणि एक रात्रीची, बारा पोळ्या, त्यातल्या सहा डब्यात, बाकी रात्रीला. रात्री आम्ही फक्त कुकर लावतो, वरण-भात पंचवीस मिनिटांत होतो, पोळ्या तव्यावर गरम. पगार ठरला 3,200. तुम्ही म्हणाल निम्मं काम तर 2,500 का नाही, तर सकाळी सात ते साडेआठ ही वेळ सगळ्याच नोकरीवाल्या घरांना हवी असते आणि बाईला त्या दीड तासात एक नाहीतर फार तर दोनच घरं करता येतात. संध्याकाळची वेळ स्वस्त, सकाळची महाग, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आता हिशोब बघा. 3,200 आणि 2,500 मिळून 5,700, गुणिले तेरा म्हणजे 74,100. सुट्टीच्या दिवशी आता रात्रीचं अडत नाही, सकाळचा डबाच फक्त बाहेरून, त्याचे महिन्याला पाचशे धरले, वर्षाचे सहा हजार. एकूण 80,100, महिन्याला 6,675. आधीच्यापेक्षा बरोबर अडीच हजार कमी, आणि फ्रिजमधले डबे जवळपास बंद.

भांड्यांची बाई कमी करायचा विचारही केला नाही. पैसे वाचवायला आधी तिलाच काढतात लोक कारण ते काम "आपणही करू शकतो" असं वाटतं. करू शकतो हो, पण रात्री साडेनऊला सिंक बघून जे भांडण होतं त्याचं काय.

अजून एक, काम सुरू करतानाच बोलून घ्या. किती माणसांचं, किती पोळ्या, किती भाज्या, ओटा कोण पुसणार, महिन्यात सुट्ट्या किती. आम्ही बोललो नव्हतो. सासू-सासरे दोन महिने राहायला आले, दोन माणसं वाढली, पोळ्या बाराच्या बावीस झाल्या आणि आम्ही पगार तोच ठेवला, "थोडे दिवसच तर आहेत" म्हणून. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त सुट्ट्या वाढल्या, तीनाच्या सहा. मला वाटलं कामचुकारपणा करून राहिल्या, आणि मी चक्क दोन दिवसांचे पैसे कापले. दुसऱ्या महिन्यात त्या सोडायच्या तयारीत होत्या. शेवटी शेजारच्या काकूंनी समजावलं की अगं माणसागणिक रेट असतो, पाहुणे राहिले तर तेवढ्या दिवसांचे वेगळे दे. कापलेले पैसे परत दिले, दोन महिन्यांचे वरचे हजार-हजार दिले, सुट्ट्या आपोआप खाली आल्या. महालक्ष्म्यांच्या दिवसाचंही आता आधीच वेगळं ठरवतो.

उचल मागितली तर ती या बजेटमधून देऊ नका, वेगळी ठेवा. आम्ही पाच हजार दिले होते, महिन्याला पाचशे कापायचे ठरले, म्हणजे दहा महिने. तोवर घरखर्चात ते पैसे गेलेलेच धरायचे, नाहीतर त्या महिन्यात किराणा कुठून आणणार.

आणि हा खर्च कुणाच्या पगारातून? आमच्याकडे सुरुवातीला सहज बोलण्यात यायचं की माझा पगार 38 हजार, त्यातले नऊ बाईलाच जातात, मग नोकरीचा फायदा काय. हे गणितच चुकीचं मांडलेलं. पोळ्या दोघंही खातात, भांडे दोघांचे. आता दोघांचे पगार मिळून 90 हजार, त्यातून हे 6,675 जातात, साडेसात टक्क्यांच्या आत, आणि दर महिन्याच्या एक तारखेला दोघांच्या जॉइंट खात्यातूनच देतो. दिवाळीच्या बोनसचे पावणेपाचशे त्याच खात्यात दर महिन्याला बाजूला पडतात, म्हणून ऑक्टोबरमध्ये आता धावपळ होत नाही.