डीडीआर४ की डीडीआर५: पैसे देण्याआधीची तयारी

नवा कॉम्प्युटर जोडायचा ठरला की सगळ्यात आधी जुन्यात मेमरीची कोणती पिढी आहे ते पाहा, आधीची डीडीआर४ की नवी डीडीआर५. कमी बजेटमध्ये निम्मा निर्णय तिथेच होतो. मशीन चालू असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ही ओळ टाका:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select-Object DeviceLocator, PartNumber, Capacity, SMBIOSMemoryType
```

शेवटच्या रकान्यात 26 आलं तर डीडीआर४, 34 आलं तर डीडीआर५, आणि 24 आलं तर डीडीआर३, म्हणजे ती पुढे कामाला येणार नाही. डीडीआर४ निघाली तर मेमरीची काठी बाहेर काढून तिच्या सोनेरी पट्ट्या उजेडात धरा. किनाऱ्यालगतच्या गावात खाऱ्या हवेने या पट्ट्यांवर हिरवट किंवा काळसर डाग धरतात. डाग वरवरचे असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने निघतात. पण मुलामा खरवडून खालचं तांबं दिसत असेल, तर ती काठी नव्या बोर्डात लावू नका. सेकंडहँड घेतानाही हेच आधी बघायचं.

आता कोटेशन मागवा, पण मेमरीचा भाव एकटा विचारू नका. प्रोसेसर, बोर्ड आणि मेमरी असा तिघांचा एकत्र आकडा, एकाच दिवशी, लेखी घ्या. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव इतके चढले की सहा महिन्यांपूर्वी कोणी सांगितलेला फरक आज धरता येत नाही. माल मुंबईहून किंवा कोल्हापूरहून येणार असेल तर कोटेशन किती दिवस धरलं जाईल आणि काठी चालली नाही तर पाठवण्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

तुलना नीट कळायची असेल तर एकच प्रोसेसर धरून करा. इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, त्यासाठी सोयीचा आहे, कारण कोअर आय५-१२४०० डीडीआर४ वरही चालतो आणि डीडीआर५ वरही. कोणती मेमरी लागणार ते बोर्ड ठरवतो. समजा कुडाळातल्या एका फोटो स्टुडिओला लग्नाचे अल्बम करण्यासाठी मशीन हवं आहे आणि या तीन वस्तूंसाठी हातात ३०,००० रुपये आहेत. पुढचे भाव हिशेब समजावण्यापुरते मानलेले आहेत, त्यांच्या जागी तुमच्या कोटेशनातले घाला. प्रोसेसर १२,०००, इंटेलच्या एच६१० चिपसेटचा डीडीआर४ बोर्ड ६,५००, आणि ८-८ जीबीच्या दोन काठ्या ६,०००, म्हणजे २४,५००. डीडीआर५ कडे प्रोसेसर तोच, बोर्ड ७,५०० आणि १६ जीबीची एक काठी १०,०००, म्हणजे २९,५००. दोन्ही बजेटात बसतात. फरक ५,००० चा, आणि त्यातले बोर्डाचे फक्त १,०००, बाकी सगळे मेमरीचे.

म्हणून पुढचा प्रश्न, किती जीबी लागणार? मोठ्या फाइली एकावेळी उघड्या ठेवणाऱ्या स्टुडिओला ३२ जीबी लागणार असेल, तर बोर्डातला फरक १,००० च राहतो, पण मेमरीतला ४,००० चा ८,००० होतो. डीडीआर४ वर बेरीज ३०,५०० होते, म्हणजे बजेटापेक्षा ५०० च जास्त, आणि डीडीआर५ वर ३९,५००. अशा वेळी डीडीआर४ घ्यावी हे आमचं स्पष्ट मत आहे. फरकाच्या त्या ९,००० तून एसएसडी आणि यूपीएसला हातभार लागतो, आणि अल्बमच्या कामात १६ जीबी डीडीआर५ पेक्षा ३२ जीबी डीडीआर४ जास्त उपयोगी पडते. मेमरी भरली की विंडोज डिस्कवर लिहू लागतं, आणि तो वेळ मेमरीच्या वेगाने भरून निघत नाही.

बहुतेक एच६१० बोर्डांवर काठ्यांना दोनच जागा असतात, हे विसरू नका. आज ८-८ च्या दोन लावल्या तर उद्या ३२ करताना दोन्ही काढाव्या लागतील. तेव्हा डीडीआर४ घेताना १६ पुरणार असेल तर ८-८, नाहीतर सरळ १६-१६ घ्या. डीडीआर५ मध्ये मात्र १६ ची एकच काठी घेऊन एक जागा मोकळी ठेवणं बरं, कारण ८ जीबीच्या काठीवर साधारणपणे चारच चिप असतात आणि ती मागे पडते. मशीनची माहिती दाखवणारा सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम एका काठीवरही ‘2 x 32-bit’ दाखवतो, ते पाहून ड्युअल चॅनेल झालं, म्हणजे दोन काठ्या एकत्र चालल्यासारखा वेग मिळाला, असं समजू नका. डीडीआर५ ची प्रत्येक काठी आतून दोन भागांत विभागलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्र दाखवायचं कामही याच मेमरीतून चालतं, त्यामुळे एका काठीची उणीव तिथे लगेच जाणवते.

६००० वेगाच्या डीडीआर५ साठी इथे जादा पैसे देऊ नका. १२४०० अधिकृतपणे ४८०० पर्यंत चालवतो, आणि एच६१० वर मेमरी त्यापुढे ओढता येत नाही.

मग डीडीआर५ केव्हा घ्यायची? तीन-चार वर्षांनी काय हातात उरेल ते पाहा. डीडीआर४ च्या मशीनमधून नव्या पिढीत जाताना तिन्ही वस्तू बदलतात. एलजीए१७०० वर डीडीआर५ घेतली तर फक्त काठी पुढे येते, बोर्ड नाही, कारण त्या सॉकेटची वाट चौदाव्या पिढीपाशी संपली. दोन्ही पुढे यावेत असं वाटत असेल तर एएमडीचा एएम५ बघा. तो डीडीआर५ वरच चालतो, आणि २०२७ व त्यापुढेही तो चालू ठेवू असं कंपनीने जाहीर केलं आहे. तिथे उद्या नुसता प्रोसेसर बदलता येईल. पण त्या प्रोसेसर-बोर्डाची किंमत आजच बजेटाबाहेर जात असेल, तर मेमरी वाचवायच्या आशेने एलजीए१७०० वर डीडीआर५ चे ५,००० घालणं आम्हाला पटत नाही.

बोर्ड हातात आल्यावर सील फोडण्याआधी खोक्यावरचं नाव अक्षर न अक्षर वाचा. एकाच एच६१० चे दोन्ही प्रकार मिळतात आणि पुष्कळदा फरक नावातल्या ‘D4’ एवढाच असतो. दोन्ही काठ्यांना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. काठी बसत नसेल तर दाबू नका, स्लॉट तुटला तर वॉरंटी मिळत नाही.

डीडीआर५ पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो, कारण बोर्ड मेमरीशी जुळवून घेत असतो. बोर्ड मेला समजून बटण दाबून बंद केलं तर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते, म्हणून पहिलं चालू करणं यूपीएसवरच करा आणि दहा मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही काही दिसलं नाही तर एकच काठी ठेवून, बोर्डाच्या पुस्तिकेत एका काठीसाठी सांगितलेल्या जागेत लावून पाहा. चालू झालं की विंडोज घालण्याआधी पेनड्राइव्हवरून मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६ पूर्ण चालवा. एक जरी चूक दाखवली तरी पडद्याचा फोटो काढा आणि बदलून देण्याची मुदत संपायच्या आत काठी परत पाठवा.