काटा जागेवर, पँट मात्र सैल: वजनी व्यायाम सुरू केल्यावर या चुका टाळा

जिमला जायला लागून सहा-आठ आठवडे झाले. पँट कमरेत ढिली पडलीय, पट्टा एक भोक आत गेलाय, आणि वजनकाटा मात्र होता तिथेच. अशा वेळी बहुतेक जण पट्ट्यापेक्षा काट्यावर जास्त विश्वास ठेवतात. मग जेवण कमी केलं जातं, वजनं उचलणं सोडून नुसतं ट्रेडमिलवर चालणं सुरू होतं, आणि जे नीट चाललं होतं तेच बिघडतं.

काट्यावर नक्की काय चढतं?

आपले स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवून ठेवतात आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवतात. वजनी व्यायामाची सवय नसलेल्या शरीरात हा साठा कमी असतो. आठवड्यातून तीनदा स्क्वॉट, रोइंग, प्रेस सुरू झालं की तो वाढतो. त्यातच नव्या व्यायामाने स्नायूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून येईपर्यंत तिथे थोडी सूज, म्हणजे पुन्हा पाणीच, राहते. पहिल्या काही आठवड्यांत किलो-दीड किलो वजन अशा पाण्याने सहज भरून निघतं. खरा स्नायू याहून पुष्कळ सावकाश वाढतो. नवशिक्या पुरुषाला महिन्याला अर्धा ते एक किलो मिळाला तर उत्तम म्हणायचं, आणि बाईला साधारण त्याच्या निम्मा.

एक उदाहरण मांडून पाहू. ३८ वर्षांची बाई, वजन ६८ किलो, पोटाचा घेर ९२ सेंटीमीटर. आठ आठवड्यांनी वजन ६७.८ आणि घेर ८९.५. काट्याच्या हिशोबाने कमाई २०० ग्रॅम. आत मात्र असं काहीसं झालेलं असू शकतं: चरबी २.२ किलो गेली, ग्लायकोजेन आणि पाणी मिळून १.२ किलो आलं, स्नायू ०.८ किलो वाढला. बेरीज-वजाबाकी करा, उरतात तेच २०० ग्रॅम.

मग घेर का उतरला? याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर अर्धवट आहे. स्नायू चरबीपेक्षा घट्ट असतो हे खरं, पण जिमच्या भिंतीवरच्या चित्रांत दाखवतात तितका फरक नसतो. एक किलो चरबी सुमारे १.१ लिटर जागा घेते, एक किलो स्नायू सुमारे ०.९५ लिटर. महत्त्वाची गोष्ट आहे ती जागेची. चरबी पोटावरूनही जाते, आणि त्यातही आतड्यांभोवतीची चरबी तुलनेने लवकर हलते. नवं पाणी आणि स्नायू मात्र जाऊन बसतात मांड्या, नितंब, पाठ आणि खांद्यांत. काटा या दोन्हींची बेरीज दाखवतो. टेप फक्त पोटाचं सांगते.

सर्वांत महाग पडणारी चूक

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा हलेना म्हणून रात्रीचं जेवण बंद करणं. याने काटा लगेच खाली येतो, कारण पीठ-भात कमी झाला की ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचं पाणी दोन दिवसांत निघून जातं. माणसाला वाटतं उपाय लागू पडला. पुढच्या आठवड्यात स्क्वॉटला कालपर्यंत सहज उचललेलं वजन जड लागतं, झोप बिघडते, आणि प्रथिनं कमी पडली असतील तर स्नायूही झिजायला लागतो. ६८ किलोच्या बाईला वजनी व्यायामाच्या काळात दिवसाला साधारण ८० ते ११० ग्रॅम प्रथिनं लागतात. वरण-भात, भाजी-पोळीच्या नेहमीच्या ताटातून ती पूर्ण होत नाहीत. सुकी मोजून ५० ग्रॅम सोयाबीन वडी घेतली तर सुमारे २५ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम पनीरमधून साधारण १८. जेवण कमी करायचंच असेल तर आधी हे भरून घ्या.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पायांच्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी वजन करणं. मांड्या दुखत असतात तेव्हा त्यांत पाणी असतंच. लग्नातलं खारट-तिखट जेवण, पाळीच्या आधीचे दिवस, पोट साफ न होणं, यातल्या कशानेही काटा किलोभर वर जातो. म्हणून एका दिवसाचा आकडा धरूच नका. रोज सकाळी शौचानंतर, काही न खाता-पिता वजन करा, सात दिवसांची सरासरी काढा आणि ती चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडा.

टेपही खोटं बोलते, चुकीची धरली तर

घेर पँटच्या मापावरून ठरवू नका. पँट पोटाच्या खाली बसते, आणि कापड धुऊन-वापरून सैल पडतं ते वेगळंच. बाजूने सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कंबरेच्या हाडाचं वरचं टोक. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरा. ती मागे घसरलेली नाही ना, हे आरशात बघा. नेहमीसारखा श्वास सोडा, पोट आत ओढू नका, आणि त्वचेत रुतणार नाही इतपतच टेप ताणा. दोनदा मोजा. एक सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. शिवणकामाची जुनी कापडी टेप लांबलेली असते, ती एकदा स्टीलच्या पट्टीवर ताडून घ्या. दर दोन आठवड्यांनी एकदा मोजणं पुरे. स्त्रियांनी तुलना पाळीच्या चक्रातल्या त्याच दिवसांची करावी, नाहीतर फुगलेलं पोट चरबी समजलं जातं.

चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या घरगुती काट्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तो तळपायांतून बारीक वीजप्रवाह सोडून शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो, आणि या काळात नेमकं पाणीच बदलत असतं.

आता बदल करायचा की नाही?

घेर उतरतोय, उचललेलं वजन वाढतंय आणि काटा स्थिर आहे, तर आहारात आणि व्यायामात काहीही बदलू नका. काटा आणि घेर दोन्ही चार आठवडे जागचे हलले नाहीत, तर मात्र पाण्याचं कारण पुढे करण्यात अर्थ नाही. खाणं खर्चाइतकंच होतंय. तेव्हा दिवसाला दोन मोठे चमचे तेल कमी करा, म्हणजे सुमारे २४० कॅलरी कमी होतील, आणि पुढचे चार आठवडे बघा. तिसरी शक्यता उलटी आहे: वजन आठवड्याला एक टक्क्याहून जास्त वेगाने उतरतंय आणि जिममधली ताकदही घसरतेय. तेव्हा खाणं वाढवा, काटा कितीही सुखावत असला तरी.

क्रिएटिन घेत असाल तर पहिल्या काही आठवड्यांत एक-दोन किलो जास्तीचं पाणी स्नायूंत येऊ शकतं. ते धरूनच हिशोब करा. मात्र घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, धाप लागत असेल किंवा जोरदार व्यायामानंतर लघवी चहाच्या कोऱ्या अर्कासारखी गडद होत असेल, तर ते व्यायामाचं साधं पाणी नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.