सोशल मीडियावरच्या पोस्ट वापरणारा संशोधन प्रस्ताव तपासताना : एथिक्स कमिटीच्या सदस्यांसाठी तयारीची यादी

समजा, तुमच्यापुढे असा प्रस्ताव आला आहे : वंध्यत्वाच्या उपचारांबद्दल बायका मराठीत फेसबुक ग्रुपवर काय लिहितात याचा अभ्यास, चार हजार पोस्ट, त्यांतली तीसेक वाक्यं जशीच्या तशी छापणार. प्रस्तावात लिहिलेलं असतं, ‘माहिती सार्वजनिक आहे, नावं काढून टाकू, संमतीची गरज नाही.’ या वाक्याचे तिन्ही तुकडे बैठकीपूर्वी वेगवेगळे तपासून ठेवा.

आधी ‘सार्वजनिक’. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, ग्रुपचा पत्ता उघडून पाहा. पोस्ट दिसत नसतील, किंवा आत जायला प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत असतील, तर लिहिणाऱ्या बाईच्या लेखी ती बंद खोली आहे. सदस्य बारा हजार असले तरी. ॲडमिनची परवानगी लागेलच, पण ती सदस्यांची संमती नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून स्वतः व्यक्तीने जाहीर केलेली माहिती वगळली आहे, हा मुद्दा संशोधक हमखास पुढे करतात. दुसऱ्या कुणी टाकलेला स्क्रीनशॉट मात्र त्यात बसत नाही. शिवाय कायद्याने अडत नाही म्हणून त्या बाईला होऊ शकणारा त्रास कमी होत नाही.

संमतीबाबत प्रस्तावाचे दोन भाग पाडायला सांगा. कोणता विषय किती वेळा आला याची नुसती मोजणी उघड्या पोस्टवर होत असेल, तर संमतीतून सूट देण्याचा विचार करता येतो. कुणाचं वाक्य छापायचं असेल, तर तिलाच विचारायला हवं. विचारणारा मेसेज कसा असेल, त्याचा मसुदा मागवा. अनोळखी व्यक्तीचा मेसेज बहुधा मेसेज रिक्वेस्टमध्ये पडून राहतो, म्हणून उत्तर न येणं म्हणजे होकार धरू नये. फोन घरातल्या इतरांच्याही हातात असतो. मेसेजच्या पहिल्या ओळीत उपचाराचा उल्लेख आला, तर सासरी लपवलेली गोष्ट संशोधकच उघड करील.

सगळ्यात जास्त वेळ अवतरणांच्या चाचणीला द्या. छापायच्या वाक्यांपैकी दहा निवडा, प्रत्येकातले सलग सहा-आठ शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा आणि मग फेसबुकच्या आतल्या शोधातही टाका. हे काम संशोधकाच्या चमूबाहेरच्या माणसाने करावं, कारण चमूला मूळ पोस्ट ठाऊक असते. मराठीत हा धोका इंग्रजीपेक्षा मोठा आहे : मजकूर कमी, आणि ‘आनी’, ‘पन’ असं लेखन किंवा अहिराणी, मालवणी शब्द जसेच्या तसे ठेवले की जुळणारी पोस्ट एखादीच उरते. दहातलं एक जरी सापडलं, तर संमती नसलेलं एकही वाक्य शब्दशः छापू देऊ नका. आशय नव्या शब्दांत मांडायला सांगा आणि तो मजकूरही पुन्हा शोधून पाहा. नुसती क्रियापदं बदललेली वाक्यं बऱ्याचदा सापडतात.

नाव काढलं तरी तपशिलांची जोड उरते. तालुका, वय, जिल्हा परिषद शाळेतली नोकरी, तीन फसलेले आयव्हीएफ : यांतला प्रत्येक तपशील निरुपद्रवी, चारही एकत्र आले की गावाला बाई ओळखू येते. २००८ मध्ये अमेरिकेत एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची फेसबुक माहिती, नावं आणि संस्थेचं नाव काढून, इतर संशोधकांसाठी खुली झाली. सोबतच्या माहितीपुस्तिकेत विद्यार्थिसंख्या १६४० आणि विषयांची यादी होती. इंटरनेटवरील गोपनीयतेचे अभ्यासक मायकल झिमर यांनी मूळ माहिती न उघडता, पुस्तिका आणि जाहीर विधानांवरून ते हार्वर्ड असल्याचं ओळखलं. तेव्हा कोष्टकं आणि परिशिष्टंही वाचा. पाचपेक्षा कमी माणसं असलेला कप्पा दिसला, तर तालुक्याऐवजी विभाग, नेमक्या वयाऐवजी दहा वर्षांचा गट, असं ढोबळ करून घ्या.

युजरनेमचा ‘हॅश’, म्हणजे ठरलेल्या सूत्राने बनवलेला अक्षर-आकड्यांचा संकेत, करून ठेवू, असं लिहिलं असेल तर मान्य करू नका. ग्रुपच्या सदस्यांची यादी कुणीही त्याच पद्धतीने हॅश करून जुळवू शकतो. त्याऐवजी यादृच्छिक क्रमांक द्यावेत. नाव-क्रमांकाची फाइल वेगळ्या, कूटबद्ध जागी ठेवावी, आणि ती कोण आणि कधी नष्ट करणार हे प्रस्तावात लिहिलेलं असावं.

शेवटची अट मंजुरीपत्रातच घाला : छापण्याआधी निवडलेल्या प्रत्येक पोस्टचा दुवा पुन्हा उघडून पाहायचा, आणि लिहिणारीने ती काढून टाकली असेल किंवा सेटिंग बदलून लपवली असेल, तर ती पोस्ट, तिची प्रत आणि तिच्यावर आधारलेला उतारा, तिन्ही वगळायचे.